पगाराची तारीख स्वतः ठरवताना

नोकरी सोडून स्वतंत्र काम करायचं ठरवणारा माणूस सहसा एकच आकडा डोक्यात घेऊन बसतो. आज हातात इतके येतात, तेवढे बाहेर मिळतील का? प्रश्न बरोबर आहे, पण दुसरा आहे. पहिला प्रश्न पैसे कधी येतील हा. नोकरीत काम आणि पैसा यांच्यात जास्तीत जास्त महिन्याचं अंतर असतं आणि ते कधी बदलत नाही. स्वतंत्र व्यवसायात हे अंतर तीन महिन्यांचंही होतं आणि ते ठरवतो समोरचा. चांगलं काम करणारी, भरपूर काम मिळालेली माणसं वर्षाच्या आत पुन्हा नोकरीत परततात, तेव्हा अनेकदा काम कमी पडलेलं नसतं. बिलं दिलेली असतात, पैसे यायचे असतात आणि पाच तारखेला गृहकर्जाचा हप्ता मात्र जायचा असतो. म्हणून नोकरी सोडण्याचा आराखडा एखाद्या छोट्या धंद्याच्या आराखड्यासारखा, कागदावर आणि महिन्यामहिन्याने मांडावा लागतो.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. समजा, पुण्यातली एक सॉफ्टवेअर अभियंता, वय चौतीस. मध्यम आकाराच्या कंपनीत आहे. नवरा नोकरीत, एक मुलगी शाळेत, घरावर कर्ज. तिचं वार्षिक पॅकेज १२ लाखांचं, म्हणजे महिन्याला एक लाख. त्यातलं मूळ वेतन ५०,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि सामूहिक विम्याचा हप्ता यांत साधारण १०,००० जातात. उरलेल्या ९०,००० मधून तिचा स्वतःचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० कापून खात्यात जमा होतात ८३,८००. नव्या करप्रणालीत तिला आयकर लागत नाही, कारण पगारदारांची ७५,००० ची प्रमाणित वजावट धरल्यावर तिचं उत्पन्न १२ लाखांच्या बरंच आत राहतं.

या ८३,८०० चं काय होतं? घरखर्चाचा तिचा वाटा दोन भागांत पाहायचा. हप्ता, शाळा, किराणा, वीज, औषधं हा न टळणारा खर्च ५२,०००. बाहेरचं जेवण, प्रवास, कपडे, सणवार हा हात आखडता घेता येण्याजोगा खर्च १४,०००. उरलेले १७,८०० म्युच्युअल फंडात आणि आवर्ती ठेवीत जातात.

आता तिने किती कमवायचं? ८३,८०० हे उत्तर चुकीचं आहे. कंपनी तिच्यासाठी जे पडद्याआड भरत होती ते आता तिलाच भरायचं आहे. दोन्ही बाजूंचा मिळून पीएफ १२,००० होता, तेवढी दीर्घकालीन बचत हवी. ग्रॅच्युइटीच्या जागी २,४००. कुटुंबाच्या आरोग्यविम्याचा हप्ता वर्षाला ३०,००० धरला तर महिन्याला २,५००. व्यवसाय कर महाराष्ट्रात नोकरदाराच्या पगारातून परस्पर कापला जातो. स्वतंत्र व्यावसायिकाला स्वतः नावनोंदणी करून वर्षाला २,५०० भरावे लागतात आणि हे बऱ्याच जणांना नोटीस आल्यावरच कळतं. शिवाय धंद्याचा खर्च: दर चार वर्षांनी नवा लॅपटॉप, इंटरनेट, सॉफ्टवेअरची वर्गणी, सीएची फी, आठवड्यातून एक-दोन दिवस बसायला भाड्याची जागा. हे सगळं ११,००० धरू. बेरीज येते महिन्याला १,१२,०००, वर्षाला १३ लाख ४४ हजार.

ही वरची रेषा. खाली आणखी एक रेषा आखायची. बचत पूर्ण थांबवली आणि फक्त घर, धंदा, विमा आणि व्यवसाय कर चालू ठेवला, तर महिन्याला ८०,००० लागतात. या रेषेखाली गेलेला प्रत्येक महिना साठवलेले पैसे खातो. दोन रेषांच्या मधला महिना घर चालवतो, पण म्हातारपणाची तरतूद मागे पडते. पहिल्या वर्षात बहुतेक महिने या मधल्या पट्ट्यातच जाणार हे गृहीत धरावं आणि ते घरच्यांना आधी सांगून ठेवावं. नवऱ्याला किंवा बायकोला दर महिन्याला नव्याने समजावत बसण्यापेक्षा दोन आकडे एकदाच सांगणं बरं.

वरच्या रेषेवरून दर निघतो आणि इथेच नवखी माणसं हमखास कमी मागतात. वर्षाचे ३६५ दिवस. शनिवार-रविवारचे १०४ गेले. सण, सुट्टी, आजारपण, मुलांच्या परीक्षा यांत पस्तीस दिवस धरू. राहिले २२६. पगाराचे १२ लाख यांनी भागले की दिवसाला ५,३०० येतात आणि माणूस तोच दर सांगून मोकळा होतो. पण या २२६ दिवसांतले सगळे दिवस विकले जात नाहीत. नव्या क्लायंटशी बोलणी, अंदाजपत्रकं, न मिळालेल्या कामांवर घालवलेला वेळ, नवीन शिकणं, हिशेब आणि वसुली यांत दिवस जातात आणि त्यांचं बिल कोणालाच पाठवता येत नाही. सुरुवातीला वर्षाला १३० दिवस विकले गेले तरी चांगलं म्हणायचं. १३ लाख ४४ हजारांना १३० ने भागा: दिवसाचे १०,३०० पेक्षा थोडे जास्त. पगाराच्या हिशेबाच्या जवळजवळ दुप्पट. समोरच्याला हा दर जास्त वाटला, तर त्याला समजावता येतं की त्याला पीएफ भरायचा नाही, रजा द्यायच्या नाहीत, काम संपल्यावर पगार चालू ठेवायचा नाही. पण स्वतःलाच तो जास्त वाटत असेल, तर बोलणी सुरू व्हायच्या आधीच आपण हरलेलो असतो.

आता वेळेचा प्रश्न. तिचा कंपनीतला शेवटचा दिवस ३१ मे आहे असं धरू. जूनमध्ये एक मोठं काम मिळतं, एका उद्योगाच्या गोदामासाठी नोंदींची प्रणाली, २ लाख ४० हजारांचं. तीस टक्के आगाऊ मिळतात. शिवाय एका लहान कंपनीचं दरमहा ३०,००० चं देखभालीचं काम जुलैपासून सुरू होतं. ऐकायला उत्तम सुरुवात आहे. पण खात्यात काय दिसतं ते पाहा.

जूनमध्ये आगाऊ रकमेतून टीडीएस कापून ६४,८०० येतात, ८०,००० जातात. जुलैमध्ये ती दोन्ही कामं करते आहे, दिवस पूर्ण भरलेले आहेत आणि खात्यात एक रुपयाही येत नाही, कारण देखभालीचं जुलैचं बिल महिनाअखेरीला जाणार आणि त्याचे पैसे तीस दिवसांनी येणार. ऑगस्टमध्ये त्या बिलाचे कापून २७,००० येतात. मोठं काम ३१ जुलैला पूर्ण झालं, बिल गेलं, पंचेचाळीस दिवसांची मुदत आहे. म्हणजे ऑगस्ट संपताना तिने साठवलेल्यातले १ लाख ४८ हजार खर्च झालेले असतात, आणि या काळात काहीही बिघडलेलं नाही. काम आहे, क्लायंट समाधानी आहेत. सप्टेंबरच्या मध्यावर उरलेली रक्कम आली की खड्डा पन्नास हजारांवर येतो. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या, १ लाख ८० हजारांच्या कामाची आगाऊ रक्कम येते.

याच आराखड्याला आता ताण देऊन बघायचं. मोठ्या कामाची उरलेली रक्कम आलीच नाही, समोरच्याने वाद काढला आणि पुढचं कामही महिनाभर लांबलं, तर डिसेंबरअखेर खड्डा ३ लाख ११ हजारांचा होतो. अशी दोन संकटं एकाच वेळी येणं पहिल्या वर्षात मुळीच दुर्मीळ नाही. म्हणून नोकरदारांना दिला जाणारा तीन महिन्यांच्या गंगाजळीचा सल्ला इथे पुरत नाही. खालच्या रेषेच्या सहापट, म्हणजे तिच्या बाबतीत ४ लाख ८० हजार, हा मला किमान आकडा वाटतो. तो बँकेच्या बचत खात्यात आणि दोन-तीन लहान मुदत ठेवींत ठेवावा. एकच मोठी ठेव केली तर वीस हजारांसाठी सगळी मोडावी लागते. शेअर बाजारात तो मुळीच नको, कारण बाजार पडतो तेव्हा क्लायंटही खर्च आवरतात, आणि दोन्हीकडून एकदम मार बसतो.

त्या ४ लाख ८० हजारांपैकी तिच्याकडे ३ लाख १० हजार आहेत. उरलेले १ लाख ७० हजार कुठून आणायचे? मासिक गुंतवणूक थांबवून १७,८०० आणि लवचीक खर्चातून ६,००० काढले, तर सात महिन्यांत जवळपास जमतात. हे सात महिने दुसऱ्या कारणासाठीही मोलाचे आहेत. घर ६०,००० मध्ये चालतं का, हे पगार चालू असतानाच कळतं. चौथ्या महिन्यात घरात कुरबूर सुरू झाली, तर खालची रेषा चुकीची आखली आहे असं समजून ती वर न्यायची. नोकरी सोडल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं फार स्वस्त पडतं.

राजीनाम्याची तारीखही याच आराखड्याचा भाग आहे. आमच्या उदाहरणातल्या बाईंनी नोव्हेंबर २०१६ मध्ये नोकरी धरली होती आणि मार्च २०२६ अखेर सोडायची त्यांची इच्छा होती. तेव्हा सेवा भरते नऊ वर्षं पाच महिने. ग्रॅच्युइटी मोजताना शेवटच्या मूळ वेतनाला १५ ने गुणून २६ ने भागतात आणि सेवेच्या वर्षांनी गुणतात. सहा महिन्यांहून अधिकचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, त्याहून लहान सोडून दिला जातो. मार्चमध्ये सोडलं तर नऊ वर्षांचे २ लाख ५९ हजार, मेअखेर सोडलं तर दहा वर्षांचे २ लाख ८८ हजार. शिवाय नोकरीला लागताना त्यांचं मूळ वेतन १५,००० च्या आत होतं, म्हणून त्या भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतही आहेत. २०१४ च्या सप्टेंबरनंतर त्याहून जास्त वेतनावर पहिल्यांदा नोकरीला लागलेले त्यात नसतात, त्यामुळे प्रत्येकाने आपलं पासबुक उघडून पाहावं. या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि तिथेही सहा महिन्यांचं वर्ष होतं. दोन महिने थांबल्याने वयाच्या ५८ व्या वर्षापासून महिना सुमारे २,१४० रुपयांचा हक्क पक्का होतो. रक्कम लहान आहे, पण आयुष्यभराची आहे.

ग्रॅच्युइटी गंगाजळीत मोजू नये. ती येते, पण कधी येईल यावर घराचा हप्ता अवलंबून ठेवू नये. आणि पीएफला हात लावू नये. नोकरी सुटली की मित्रमंडळी पहिला सल्ला पीएफ काढून घे असाच देतात. पण नोकरी सोडली म्हणून खात्यावरचं व्याज लगेच थांबत नाही. २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता. सोडल्यानंतर जमणाऱ्या व्याजावर कर लागतो एवढंच. पीएफ धंद्यात घातला तर दोन्ही गोष्टी एकदम बुडण्याची शक्यता तयार होते.

नोकरीत असतानाच उरकायच्या गोष्टींमध्ये आरोग्यविमा सगळ्यात वर. सामूहिक विम्याचं छत्र शेवटच्या दिवशीच मिटतं. नव्या वैयक्तिक पॉलिसीत अपघात सोडून पहिले तीस दिवस दावा करता येत नाही, आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. रक्तदाब किंवा थायरॉईड असेल तर हे फार महत्त्वाचं. सामूहिक पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचीही सोय असते आणि तसं केल्यास आधी काढलेला काळ मोजला जातो. पण अर्ज छत्र असतानाच करावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटी नाही, त्यामुळे हप्ता थोडा हलका झाला आहे.

दुसरं, कर्ज. घर घ्यायचं असेल किंवा कर्ज वाढवायचं असेल तर ते पगारपत्रक हातात असताना. स्वतंत्र व्यावसायिकाकडे बँका साधारण दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. तिसरं, नेमणूकपत्र नीट वाचणं. नोकरीत असताना बाहेरचं काम घ्यायला बहुतेक कंपन्यांत बंदी असते, आणि राजीनाम्यानंतरही गोपनीयतेची अट राहते. पहिलं काम ३१ मेच्या आधी ठरवायला हरकत नाही, सुरू मात्र नंतर करावं.

आता कर. इथे कायदा स्वतंत्र व्यावसायिकाच्या बाजूने आहे आणि तरीही रोकड अडवतो. अभियांत्रिकी, स्थापत्य, तांत्रिक सल्ला, माहिती तंत्रज्ञान, अंतर्गत सजावट, वैद्यक, वकिली, लेखापालन अशा ठरलेल्या व्यवसायांना अनुमानित उत्पन्नाची सोय मिळते. १९६१ च्या आयकर कायद्यात ती कलम ४४ एडीए म्हणून ओळखली जात होती. एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, सोय राहिली. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल, आणि रोखीचा भाग पाच टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांपर्यंत, तर जमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची. उरलेली निम्मी खर्च समजली जाते, पावत्यांचा ढीग सांभाळावा लागत नाही. आपला व्यवसाय या यादीत बसतो का, हे सीएला विचारूनच ठरवावं. चित्रकार, भाषांतरकार, लेखक यांच्या बाबतीत उत्तर सरळ नाही.

आमच्या उदाहरणात १३ लाख ४४ हजारांची जमा, म्हणजे ६ लाख ७२ हजारांचं उत्पन्न. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत करात पूर्ण सूट असल्यामुळे कर शून्य. पण तिला काम देणाऱ्या कंपन्या बिलातून दहा टक्के टीडीएस कापून सरकारकडे भरतात. सगळ्यांनी कापला तर वर्षात १ लाख ३४ हजार सरकारकडे पडून राहतात आणि विवरणपत्र भरल्यावर परत येतात. म्हणजे जिचा कर शून्य आहे, तिच्या खालच्या रेषेचे दीड महिन्याहून जास्त पैसे दर वर्षी बाहेर अडकलेले असतात. वर मांडलेल्या महिन्यांच्या हिशेबात प्रत्येक रक्कम कापूनच धरली, ती म्हणून. यावर दोन उपाय आहेत. एक, आयकर विभागाकडे कमी दराने कपात करण्याच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करणं. हे पहिल्या वर्षी जमलं नाही, तरी दुसऱ्या वर्षी विचारात घ्यावं. दुसरं, विवरणपत्र शेवटच्या तारखेपर्यंत न रेंगाळता कपातीची नोंद फॉर्ममध्ये दिसू लागताच भरणं. परतावा महिनाभर आधी आला तरी तो एका पगाराएवढा असतो.

या सोयीची एक बाजू मात्र आधी ओळखावी. विवरणपत्रात ६ लाख ७२ हजार दिसलं, तर बँकही कर्ज देताना तेवढंच उत्पन्न मोजते. तीन वर्षांनी घर घ्यायचं मनात असेल, तर उत्पन्न जास्त दाखवून थोडा कर भरणं शहाणपणाचं ठरू शकतं. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या जमेनंतर लागते, त्यामुळे पहिल्या वर्षी तिचा प्रश्न येत नाही. फक्त १६-१७ लाखांवर पोहोचल्यावर पुढचे दर ठरवताना १८ टक्क्यांचा विचार आधीच करायचा.

वसुलीसाठी कायद्याने दिलेलं एक साधन फारसं वापरलं जात नाही, म्हणून त्यावर थांबतो. उद्यम नोंदणी ऑनलाइन, आधार आणि पॅनवर, विनामूल्य होते आणि सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही करता येते. त्यानंतर तो सूक्ष्म उद्योग ठरतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा मोठी असू शकत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. हे व्याज प्रत्यक्षात कोणी मागत नाही, कारण पुढचं कामही त्याच क्लायंटकडून हवं असतं. पण आयकर कायद्यात अलीकडे आलेली तरतूद खरी कामाला येते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाची देणी मुदतीत दिली नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असावा आणि फेब्रुवारीच्या शेवटी क्लायंटच्या लेखा विभागाला एक सौम्य आठवण जावी. ज्यांच्याशी आपण काम करतो त्या व्यवस्थापकाला घाई नसते. त्याच्या हिशेबनिसाला मार्चमध्ये असते.

करारात तीन ओळी पुरतात, पण त्या लिहिलेल्या हव्यात. तीस टक्के आगाऊ आल्याशिवाय काम सुरू होणार नाही. काम दोन किंवा तीन टप्प्यांत, प्रत्येक टप्प्याचं वेगळं बिल. आणि दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या किमतीत, पुढच्या फेऱ्या दिवसाच्या दराने. वरच्या उदाहरणात २ लाख ४० हजारांचं काम जूनअखेर एका टप्प्यात मोडलं असतं, तर उन्हाळा संपल्यानंतरचा तो कोरडा ऑगस्ट टळला असता. सगळा खड्डा त्या एका शेवटच्या बिलाने पाडला होता.

घरातली शिस्त सोपी आहे आणि पाळायला कठीण. क्लायंटचे सगळे पैसे एका वेगळ्या खात्यात येतात. त्या खात्यातून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला घरच्या खात्यात ठरलेला पगार जातो, ६६,०००. सप्टेंबरसारख्या महिन्यात पावणेदोन लाख आले तरी ६६,०००. जुलैसारख्या कोरड्या महिन्यातही ६६,०००. हे न केल्यास चांगल्या महिन्यात घर मोठं होतं आणि वाईट महिन्यात क्रेडिट कार्ड पुढे येतं. कार्डावर उरलेल्या थकबाकीचं व्याज वर्षाला साधारण ३५ ते ४५ टक्के पडतं. असा पाहुणा दोनदा आला की गंगाजळी सांभाळण्यात अर्थ उरत नाही.

दर महिनाअखेर तीन गोष्टी पाहायच्या. व्यवसायाच्या खात्यातली रक्कम किती महिने पुरेल. येणी किती आणि त्यातली पंचेचाळीस दिवसांहून जुनी किती. आणि लेखी ठरलेलं पुढचं काम किती दिवसांचं आहे. पहिली गोष्ट घटत असते तेव्हा बहुतेकांना कळतं. तिसरी घटते तेव्हा कळत नाही, कारण हातात काम असतं आणि माणूस त्यात बुडालेला असतो. पुढचं काम तीस दिवसांच्या खाली आलं, की आठवड्याचा एक पूर्ण दिवस नवं काम शोधण्याला द्यायचा, हातातलं काम कितीही असो. एकाच क्लायंटकडून निम्म्याहून जास्त जमा येऊ लागली, तर तीही धोक्याचीच खूण. तो क्लायंट गेला, तर पगार एका दिवसात अर्धा होतो आणि सूचनेचा काळ मिळत नाही.

परत फिरण्याची रेषाही आधीच आखावी, ती पहिल्याच आठवड्यात आणि घरच्यांच्या समोर. गंगाजळी खालच्या रेषेच्या अडीच महिन्यांवर, म्हणजे दोन लाखांवर आली, की नोकरीसाठी अर्ज करायला सुरुवात करायची. शून्यावर आल्यावर नाही. मुलाखती, प्रस्ताव आणि रुजू होणं यांत दोन-तीन महिने जातात, आणि हातात पैसे असताना मिळालेली नोकरी आणि हप्ता थकल्यावर मिळालेली नोकरी यांच्या पगारात फरक असतो. काम चालू ठेवत अर्ज करता येतात. मधल्या काळात एखादं बिल आलं आणि गंगाजळी पुन्हा वर गेली, तर अर्ज थांबवता येतात.

उलट दिशेने जाताना क्रम असा. पैसे वरच्या रेषेपेक्षा जास्त येऊ लागले, की आधी गंगाजळी पुन्हा ४ लाख ८० हजारांवर न्यायची. ती भरली, की पीएफच्या जागी दीर्घ मुदतीची बचत सुरू करायची. भविष्य निर्वाह निधीचा पगारातून कापला जाणारा हप्ता आता नाही, म्हणून सार्वजनिक भविष्य निधी उपयोगी. त्यात सध्या ७.१ टक्के व्याज मिळतं, वर्षाला दीड लाखांपर्यंत भरता येतात आणि महिन्यात पैसे कमी आले तर त्या महिन्यात भरले नाहीत तरी चालतं, वर्षाला ५०० भरले की खातं जिवंत राहतं. त्यानंतर म्युच्युअल फंडाची थांबलेली मासिक गुंतवणूक. घराला जाणारा ६६,००० चा पगार वाढवायचा तो सगळ्यात शेवटी, आणि सलग सहा महिने वरची रेषा ओलांडल्यावर.